रात्री 1 वाजून 12 मिनिटांची पोस्ट आणि तिच्यातली एकच कामाची ओळ

पहिल्यांदा पोस्ट वाचा, मग बोलू. वाळवा तालुक्यातल्या एका गावातल्या ऊसवाल्यांच्या ग्रुपवर ही पडली होती. फेब्रुवारी नुकताच संपलेला, वेळ रात्री 1 वाजून 12 मिनिटं. दोन शिव्या मी काढल्यात, बाकी जशीच्या तशी आहे.

"अरे चोरांनो किती दिवस आमच्या जीवावर मजा मारणार!!!! ऊस न्यायला दारात येताना गोड बोलता आणि बिल म्हटलं की तोंड लपवता. चेअरमन तुझ्या गाडीतलं डिझेल आमच्या उसाचं हाय ध्यानात ठेव. काट्यावर दर खेपेला दोनदोन टन मारताय सगळ्या गावाला म्हाईत हाय पण बोलायची कुणाच्यात धमक न्हाई सगळे चमचे, इलेक्शनला पाकीट घेऊन गप बसलेत. ती टोळीवाली पण माजल्यात, खुशाली दिल्याबिगर कोयता लावत न्हाईत, पोट भरायला आल्यात आणि आम्हालाच लुटत्यात. 16 जानेवारीला माझी शेवटची खेप गेली आज फेब्रुवारी संपला अजून एक रुपाया न्हाई, सोसायटीचं मार्चएंडला भरायचं कशानं, निदान तारीख तरी सांगा म्हणून ऑफिसला गेलो तर तो टुकार क्लार्क म्हणतो पुढच्या वर्षी ऊस घालायचा न्हाई का. तुझ्या बापाचा कारखाना हाय का?? ह्यांना रस्त्यावर आणल्याबिगर जिरायची न्हाई. उद्या गट ऑफिसला कुलूप लावायचं, ज्यानं आईचं दूध प्यालंय त्यानं यायचं!!!! जय जवान जय किसान"

लिहिणाऱ्याला मी पैलवान म्हणतो, कारण शाळेत असताना तो तालमीत जायचा. मी सांगलीत एका पेपरात बरीच वर्षं वाचकांची पत्रं बघायचो, म्हणजे अशा मजकुराचा छापण्याजोगा मजकूर करायचं कामच माझ्याकडं होतं, म्हणून गावाकडची पोरं अजून असलं काही झालं की माझ्याकडं येतात. हा पण आला, सकाळी सातला, डोळे लाल, आणि म्हणाला, "आण्णा, काढून टाकली पोस्ट, पण लोकांनी बघितलीय."

रात्री एक वाजता जागा का होता, तर त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती आणि तो खोडव्याला पाणी पाजायला मोटारीजवळ बसलेला. थंडी, डास, हातात मोबाईल, डोक्यात दोन दिवसांपूर्वीचं ऑफिसातलं बोलणं. अशात माणूस लिहितो तेव्हा एका गोष्टीबद्दल लिहीत नाही, वर्षभरात साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. ही पोस्ट मोजून बघा. चेअरमन, गाडी, काटा, गावकरी, इलेक्शन, टोळी, खुशाली, बिल, सोसायटी, क्लार्क, कुलूप, इतकी प्रकरणं सव्वाशे-एक शब्दांत. यातलं खरं दुखणं कुठलं?

माझा अनुभव असाय की रागाच्या मजकुरात खरा मुद्दा सुरुवातीलाही नसतो आणि शेवटीही नसतो, तो मधे कुठंतरी एका लांब वाक्यात असतो, आणि त्या वाक्यात उद्गारचिन्ह नसतं. सुरुवात असते ती जोर लावायला, शेवट असतो तो दम द्यायला. मधे माणूस जरा दमतो आणि खरं काय झालं ते सांगून जातो. इथंही बघा, "16 जानेवारीला माझी शेवटची खेप गेली" इथनं "ऊस घालायचा न्हाई का" इथपर्यंतच्या वाक्यात तारीख आहे, घटना आहे, परिणाम आहे, कोण काय बोललं ते आहे. बाकी पूर्ण पोस्टमध्ये एक पण तारीख नाही.

मी त्याला ते वाक्य दाखवायच्या आधीच त्यानं खिशातनं दुसरा कागद काढला. म्हणाला, "मी नवीन लिहिलंय की, साधं." ते असं होतं:

"मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळ यांस नम्र विनंती. आपल्या मार्गदर्शनाखाली कारखान्याची घोडदौड सुरू आहेच. तथापि काही सभासदांची ऊस बिले प्रलंबित असल्याचे समजते. तरी याबाबत योग्य तो विचार व्हावा. काल रात्री अनवधानाने झालेल्या पोस्टबद्दल दिलगीर आहे. चूकभूल द्यावी घ्यावी."

हे मी मुद्दाम देतोय, कारण बहुतेक लोक इथंच घसरतात. रात्री शिव्या आणि सकाळी पाया पडणं. आणि माझं मत विचाराल तर दुसरा कागद पहिल्यापेक्षा वाईट आहे. पहिल्या पोस्टमधनं निदान कळत होतं की एका माणसाचं बिल आलेलं नाही. दुसऱ्यात "काही सभासदांची", म्हणजे कुणाची? "प्रलंबित असल्याचे समजते", अरे तुझंच बिल आहे ना, तुला समजतं कसलं, तुला माहिती आहे! आणि "योग्य तो विचार व्हावा" ह्याला काय उत्तर देणार, विचार चालू आहे म्हणतील, झालं. त्याला मी म्हटलं, "पैलवान, रात्री तू मुद्दा शिव्यांत बुडवलास, सकाळी विनंतीत बुडवलास, वर काही आलाच नाही."

तर काम कसं केलं ते सांगतो. आधी लिहायचं काही नाही म्हटलं, फोन बाजूला ठेव, पावत्या घेऊन ये. तो घरी जाऊन काटा पावत्या आणि सोसायटीचं पासबुक घेऊन आला. मग रात्रीच्या पोस्टमधलं एकेक विधान घेऊन एकच विचारत गेलो, हे तू स्वतः बघितलंस, की ऐकलंस, की तुला वाटतंय?

काट्याचं पहिलं घेतलं, कारण तो सगळ्यात जड आरोप होता. दर खेपेला दोन टन मारतात हे कशावरनं? तर म्हणाला सगळेच म्हणतात. बाहेरच्या काट्यावर एखादी तरी खेप वजन करून मग नेलीस का? नाही. मग तुझ्याकडं कारखान्याचीच पावती आहे आणि तिच्याविरुद्ध दुसरं काहीच नाही. काटामारी होत नाही असं मी म्हणत नाही, या भागात तो विषय काय आजचा नाही, पण तो सिद्ध करायचा तर दोन काट्यांच्या दोन पावत्या एका दिवसाच्या लागतात आणि तक्रार वैधमापनवाल्यांकडं करायची असते. पुढच्या हंगामात कर. आता पोस्टमध्ये तो आरोप ठेवलास तर कारखान्याला फार सोपं होणार, ते काट्याचा तपासणी दाखला दाखवणार, आरोप खोटा ठरवणार, आणि त्याच्याबरोबर बिलाची तारीख विचारणारा पण खोटा ठरणार. कच्चा मुद्दा पक्क्या मुद्द्याला असा खाली ओढतो.

टोळीचं वेगळं होतं. खुशाली, म्हणजे ऊस तोडायला टोळीला वरनं द्यायचे पैसे, त्यानं खरंच दिली होती, पाच हजार. म्हणजे विधान खरं होतं तरी ते काढलं. एक तर खुशालीचा आणि बिल थकण्याचा काही संबंध नाही. दुसरं, "पोट भरायला आल्यात आणि लुटत्यात" हे ज्या बायामाणसांनी लेकरं बांधावर ठेवून ऊस तोडला त्यांच्याबद्दल होतं, आणि त्यांच्यातलं कुणी ह्या ग्रुपवर नव्हतं. जो समोर नाही त्याच्यावर राग काढणं सोपं असतं. पैलवान तिथं थोडा वेळ गप बसला, मग म्हणाला, "ते काढाच आण्णा."

गावकऱ्यांना चमचे म्हटलं होतं ते तर सरळ नुकसानीचं होतं. ग्रुपवर वाचणारे कोण? ज्यांचं बिल आलेलं नाही तेच. त्याला साथ पाहिजे होती त्यांचीच आणि तिसऱ्या ओळीत त्यांनाच पाकीट घेतलं म्हणाला. असं वाचल्यावर माणूस पुढची ओळ वाचतच नाही, आपण पाकीट घेतलं नाही हे मनातल्या मनात सिद्ध करत बसतो. आणि ज्याला उद्देशून "तुझ्या गाडीतलं डिझेल" लिहिलं तो चेअरमन ग्रुपवरच नाही. म्हणजे ज्याला बोलला तो ऐकत नाही, आणि जे ऐकतात त्यांना शिवी. रागाच्या पोस्टमध्ये हे कायम तपासायचं, लिहिणारा कुणाशी बोलतोय आणि प्रत्यक्षात वाचणार कोण.

"चोर" हा शब्द काढताना त्यानं जरा वाद घातला. म्हणाला, पैसे वेळेत दिले नाहीत म्हणजे चोरच की. मी म्हटलं, पैसे दिले नाहीत हे तुझ्याकडं कागदावर आहे, चोर म्हणजे बुडवायच्या इराद्यानं ठेवले, तो इरादा तुझ्याकडं कागदावर नाही. आणि कायद्याचा भाग पण आहे, बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, 2 वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे, आणि तिथं नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी बोललं होतं हे पण दाखवावं लागतं. उद्या कोण केस करेल असं नाही, पण नोटीस आली तरी बिल राहील बाजूला आणि तू वकिलाच्या दारात. "कारखान्यानं अजून बिल दिलेलं नाही" ह्या वाक्याला मात्र कुणी नोटीस पाठवू शकत नाही, आणि गंमत म्हणजे कारखान्याला ते वाक्य "चोर" पेक्षा जास्त बोचतं.

इथं एक बारीक गोष्ट. शांत लिहायला सांगितलं की लोक लगेच कर्ता काढून टाकतात. "बिले प्रलंबित आहेत", "विलंब झाला आहे". कुणी प्रलंबित ठेवली, पावसानं? राग काढायचा, करणारा काढायचा नाही. "खाल्ले" ऐवजी "दिले नाहीत" लिही, पण "कारखान्यानं" हा शब्द वाक्यात राहू दे.

आता उरलं काय, तर मधलं वाक्य. ते आम्ही उलगडलं. पावत्या काढल्या, दीड एकराचा ऊस 13 जानेवारीपासून 16 पर्यंत गेलेला, सगळ्या खेपा मिळून 62 टन. कारखान्यानं जाहीर केलेला दर 3,300 रुपये, म्हणजे 2 लाख 4 हजार 600 रुपये. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दरानं व्याज हे पण त्याच आदेशात आहे. 14 दिवस कुठनं मोजायचे ह्यावर तो म्हणाला पहिल्या खेपेपासून, म्हणजे जास्त दिवस होतील. मी म्हटलं नाही, शेवटच्या खेपेपासून मोज. तीन दिवस कमी भरतात पण मग आकड्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. समोरच्याला सगळ्यात सोयीचा आकडा घेऊन पण तो चुकतोय हे दिसलं पाहिजे. तसं धरलं तरी मुदत 30 जानेवारीला संपते आणि 1 मार्चला 30 दिवस उशीर होतो. व्याज काढलं, दिवसाला साधारण 84 रुपये, तीस दिवसांचे 2,500 च्या आसपास.

हा 2,500 चा आकडा पोस्टमध्ये टाकायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ घालवला. त्याला टाकायचा होता, मला नको होता. कारण दोन लाखांशेजारी अडीच हजार बघितले की लोकांना वाटतं एवढ्यासाठी भांडतोय, आणि चर्चा व्याजावर जाते. व्याजाचा हक्क पोस्टमध्ये सांगायचा, हिशोब अर्जात मांडायचा, असं ठरलं.

मग सोसायटी. रात्री त्यानं लिहिलं "भरायचं कशानं". ऐकायला रडगाणं वाटतं, पण आत एकदम पक्की गोष्ट होती. त्याचं पीककर्ज ऊस बिलातनंच वळतं होतं, म्हणजे बिल बँकेत आलं की सोसायटी आपलं कापून घेते. त्याच्या खात्याची मुदत 31 मार्च. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, वेळ चुकली की ती सवलत जाते आणि वर थकबाकीदार म्हणून नाव लागतं. म्हणजे कारखान्याच्या उशिराचा दंड सोसायटीत हा भरणार. हे वाचल्यावर ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना स्वतःचं पासबुक आठवणार, त्यासाठी वेगळं आवाहन करायची गरज नाही.

राहिला क्लार्क. पैलवान खरा तापला होता तो ह्याच्यावरच, बिलापेक्षा ह्या एका वाक्यावर. त्याला विचारलं, अगदी काय शब्द होते? आधी म्हणाला, "तसंच कायतरी, ऊस घालायचा न्हाई का वगैरे." मी म्हटलं वगैरे चालणार नाही, अवतरणात टाकायचं तर शब्द पाहिजेत. त्याचा मेहुणा बरोबर होता, त्याला फोन लावला, स्पीकरवर. मेहुण्यानं न विचारताच तेच वाक्य सांगितलं, "पुढच्या वर्षी ऊस घालायचा न्हाई का?", आणि तारीख पण, 26 फेब्रुवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर. मग ते वाक्य ठेवलं, पूर्ण ठेवलं, पण "टुकार" काढलं आणि क्लार्क कोण ते पण काढलं. विशेषण नसलं की वाक्य स्वतः बोलतं. धमकीला धमकी म्हणायची सुद्धा गरज नव्हती, उसाच्या गावात हे वाक्य ज्यानं वाचलं त्याला कळलंच. आणि क्लार्कचं नाव घातलं असतं तर सगळा ग्रुप त्याच्या मागं लागला असता, तो बिचारा पगारी माणूस, बिल काढणं त्याच्या हातात नाही, आणि कारखान्यानं त्याला दुसऱ्या गटात पाठवून विषय मिटवला असता.

प्रश्नांचं पण बघितलं. रात्रीच्या पोस्टमध्ये प्रश्न होते, "किती दिवस मजा मारणार", "तुझ्या बापाचा कारखाना हाय का". ह्यांना उत्तर देता येतं का? देता येतं, पण ते भांडणच असतं. प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर समोरच्याला एका ओळीत देता येईल आणि नाही दिलं तर ते सगळ्यांना दिसेल. "निदान तारीख तरी सांगा" ह्यात तो प्रश्न होताच, नुसता उभा करायचा होता. आणि मला वाटतं पूर्ण पोस्टचा प्राण तोच होता. त्यानं पैसे आत्ता द्या म्हणून आरडाओरडा केला नव्हता, कारखान्याकडं साखर विकल्याशिवाय पैसे येत नाहीत हे त्यालाही कळतं. त्याचं म्हणणं होतं, कधी देणार ते तरी सांगा, म्हणजे मी सोसायटीचं काय ते बघतो.

कुलूप लावायचं आवाहन काढलं. आईचं दूध वगैरे तर काढलंच. पण त्या जागी काहीतरी करायला द्यायला लागतं, नाहीतर लोक अंगठा दाखवून मोकळे होतात. मग ठरलं की प्रत्येकानं खाली फक्त शेवटच्या खेपेची तारीख आणि टन टाकायचे. त्यात कुणाला भाषण करायला जागा नाही, आणि जमलेली यादी हाच पुरावा होतो.

शेवटचा वाद, रात्रीच्या पोस्टचं काय. डिलीट केली तरी "हा मेसेज डिलीट केला आहे" ती खूण राहिली होती आणि एकाकडं स्क्रीनशॉट होता हे पैलवानाला पहाटेच कळलं होतं. त्याला माफी पहिल्या ओळीत पाहिजे होती. मी म्हटलं शेवटच्या ओळीत टाक. वर टाकलीस तर पोस्ट माफीची होते आणि लोक रात्री काय लिहिलं होतं ते शोधत बसतात. आणि माफी मागायची ती ज्याच्याबद्दल चुकलं त्याची, मोघम नाही. लाईट रात्रीची होती, झोप नव्हती, असली कारणं पण नकोत. कारण दिलं की माफी निम्मी परत घेतल्यासारखी वाटते.

हे सगळं होऊन जे निघालं ते असं, दहा वाजता ग्रुपवर गेलं:

"माझा ऊस 13 ते 16 जानेवारीला गेला. 62 टन, पावत्या जवळ आहेत. कारखान्यानं जाहीर केलेल्या 3,300 दरानं 2 लाख 4 हजार 600 रुपये होतात. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे. शेवटची खेप धरली तरी ती मुदत 30 जानेवारीला संपली. आज 1 मार्च, कारखान्यानं अजून एक रुपया दिलेला नाही.

माझं सोसायटीचं कर्ज ह्याच बिलातनं वळतं होतं. 31 मार्चच्या आत बिल आलं नाही तर माझी व्याजाची सवलत जाणार आणि मी थकबाकीत जाणार.

26 फेब्रुवारीला गट ऑफिसला जाऊन तारीख विचारली. उत्तर मिळालं, 'पुढच्या वर्षी ऊस घालायचा नाही का?' मी तारीख विचारली होती.

दोन प्रश्न आहेत. बिल कोणत्या तारखेला जमा होणार? उशिराचं 15 टक्के व्याज कायद्याप्रमाणं देणार का?

ज्यांचं बिल राहिलंय त्यांनी खाली शेवटच्या खेपेची तारीख आणि टन एवढंच टाका. सगळ्यांचं मिळून बुधवारी लेखी देऊ आणि पोच घेऊ.

रात्रीची पोस्ट मी काढलीय. त्यात गावातल्या लोकांबद्दल आणि तोडणीच्या टोळीबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, ते मागं घेतो. बिलाचं मागं घेत नाही."

"मी तारीख विचारली होती" ही ओळ त्याची स्वतःची आहे, मी आधी तिथं "हे तारखेचं उत्तर नाही" असं सुचवलं होतं. त्याची जास्त चांगली आहे. तो राग आहेच की, पूर्ण आहे, फक्त आवाज चढलेला नाही. आणि "बिलाचं मागं घेत नाही" ही पण त्याचीच. मजकूर शांत करताना माणसाचा आवाज त्याचाच राहिला पाहिजे, म्हणून मी "अद्याप", "सदर", "तथापि" असलं काही घालू दिलं नाही. गावात कुणी तसं बोलत नाही, आणि तसं लिहिलं की लोकांना वाटतं कुणीतरी लिहून दिलंय.

पुढं काय झालं ते थोडक्यात. दुपारपर्यंत ग्रुपवर तारखा पडायला लागल्या, काहींच्या तर पैलवानाच्या आधीच्या होत्या. स्क्रीनशॉटवाल्यानं एकदा तो टाकला, "हे पण वाचा" म्हणून, पण शेवटची ओळ आधीच वाचलेली असल्यामुळं कुणी त्यावर फार बोललं नाही, एका म्हाताऱ्यानं लिहिलं "पोरानं मागं घेतलंय, आता तुझी तारीख टाक". बुधवारी यादी जोडून अर्ज दिला. पोच द्यायला आधी टाळाटाळ झाली, मग दुसरी प्रत कोल्हापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांकडं जाणार आहे असं सांगितल्यावर शिक्का बसला. सांगली जिल्ह्यातले कारखाने त्याच ऑफिसच्या अखत्यारीत येतात. तिथनं तक्रार पुण्याला साखर आयुक्तांपर्यंत जाऊ शकते आणि आयुक्त थकलेल्या बिलांसाठी महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात, हे गट ऑफिसातल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहिती असतं, त्यामुळं फार समजावून सांगावं लागलं नाही.

तारीख मिळाली, तोंडी. बिल जमा झालं 14 मार्चला, सोसायटीचं मुदतीत वळतं झालं. हे पोस्टमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, त्या पंधरवड्यात दुसऱ्या गावांची बिलं पण निघाली होती. व्याज मात्र आलं नाही. 43 दिवसांचे साधारण 3,600 रुपये होतात, त्याचा वेगळा अर्ज पैलवानानं ह्या वेळी स्वतःच लिहिला आणि मला फक्त वाचायला पाठवला. मी त्यातला एक "नम्र" काढला, दुसरा राहू दिला.